एका क्षेत्रफळाची चार उत्तरं

इंजिनिअरिंगच्या ‘एम-थ्री’चे किंवा एमएस्सीच्या कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिसचे गठ्ठे तपासून झाले, की एखादा मुरलेला परीक्षक मुलं कुठे कुठे घसरली याचं टिपण लिहून ठेवतो. कॉन्टूर इंटिग्रलच्या प्रश्नापुढे त्यात दोन नोंदी हटकून असतात. पहिली, फेरीची दिशा उलटी घेतली. दुसरी, पोल सुटले किंवा नको ते पोल घेतले. या नोंदींमागे नेमकं काय घडलेलं असतं, ते पाहायला पाठ्यपुस्तकातलं एक जुनं गणित पुरेसं आहे. 1/(x⁴+1) या वक्राखालचं, उणे अनंतापासून अधिक अनंतापर्यंतचं क्षेत्रफळ काढा.

पेन उचलण्याआधी या वक्राकडे एकदा बघावं. शून्यापाशी त्याची उंची १ असते आणि दोन्ही बाजूंना तो झपाट्याने खाली येतो, पण अक्षाच्या खाली कधीच जात नाही. −१ ते १ या पट्ट्यात उंची कुठेही अर्ध्याच्या खाली जात नाही, म्हणजे क्षेत्रफळ किमान १ असणारच. हा पट्टा फार तर २ आणि बाहेरच्या दोन शेपट्या मिळून फार तर दोन तृतीयांश. तेव्हा उत्तर १ आणि २.६७ यांच्या मधलं हवं. कच्च्या कामाच्या जागेत हे दोन ओळींत होतं, आणि बहुतेक जण ते करत नाहीत.

आता खरी रीत. साध्या संख्यांमध्ये x⁴+1 कधीच शून्य होत नाही. संमिश्र संख्यांच्या प्रतलात मात्र चार ठिकाणी होतं. एक त्रिज्येच्या वर्तुळावर ४५, १३५, २२५ आणि ३१५ अंशांवर बसलेले हे चार बिंदू म्हणजे पोल. फ्रेंच गणिती कोशी याने १८२५ च्या आपल्या निबंधात ज्या विचाराचा पाया घातला, त्याचा सार असा: बंद वाटेने एक फेरी मारली, तर इंटिग्रलची किंमत फक्त आत अडकलेल्या पोलवरून ठरते. प्रत्येक पोलची एक संख्या असते, तिला रेसिड्यू म्हणतात. आतल्या पोलचे रेसिड्यू मिळवायचे आणि बेरजेला 2πi ने गुणायचं.

वाट अशी घ्यायची: अक्षावरून −R पासून R पर्यंत डावीकडून उजवीकडे जायचं आणि वरच्या अर्धवर्तुळाने परत यायचं. या कमानीचा वाटा R वाढत गेला की शून्याकडे जातो, कारण तिची लांबी πR असते आणि तिच्यावर फलनाचा आकार 1/(R⁴−1) पेक्षा मोठा होत नाही. R दहा घेतला तरी हा वाटा फार तर ०.००३. या पायरीवर ‘कमान नाहीशी होते’ एवढंच लिहून पुढे पळणाऱ्याचे गुण कापले, तर परीक्षकाला दोष देता येत नाही.

रेसिड्यूसाठी छेदाचं डेरिव्हेटिव्ह घ्यायचं, म्हणजे 1/(4z³). पोलवर z⁴ = −1 असल्याने ते सोपं होऊन −z/4 उरतं. वरच्या दोन पोलची बेरीज i√2 आहे. तेव्हा रेसिड्यूंची बेरीज −i√2/4 आणि उत्तर π/√2, म्हणजे सुमारे २.२२. ठरवलेल्या हद्दीत चोख बसतं.

याच प्रश्नाला आणखी तीन उत्तरं येतात, आणि प्रत्येक उत्तर आपली चूक स्वतःच सांगतं.

पहिलं उत्तर शून्य. या मुलाने चारही पोल शोधले, चारही रेसिड्यू बरोबर काढले आणि सगळे मिळवले. खालचे दोन पोल फेरीच्या आत आहेतच का, हे त्याने पाहिलं नाही. चारही मुळांची बेरीज शून्य असल्याने रेसिड्यूंचीही शून्यच येते. सगळीकडे अक्षाच्या वर असलेल्या वक्राखाली क्षेत्रफळ शून्य कसं, हा प्रश्न मनात आला असता तर पाच मिनिटांची मेहनत वाया गेली नसती.

दुसरं उत्तर जरा फसवं आहे. मुलाने z⁴ = −1 सोडवताना पहिलंच मूळ लिहिलं, डी मॉयव्हरच्या सूत्रात k ला पुढच्या किमती दिल्याच नाहीत, आणि ४५ अंशांच्या एकाच पोलवर काम भागवलं. त्याला सुमारे १.११ − १.११i मिळालं. साध्या वक्राच्या क्षेत्रफळात i आला, इथेच थांबायला हवं. पण काही जण ‘रिअल पार्ट घेतल्यास’ असं लिहून i वाला भाग उडवतात आणि १.११ वर खूण करतात. पंचाईत अशी, की १.११ आपल्या ढोबळ हद्दीत बसतं! हद्द थोडी आवळावी लागते. −½ ते ½ मध्ये उंची किमान १६/१७ आहे आणि त्यापुढे १ पर्यंत किमान अर्धी, म्हणजे क्षेत्रफळ १.४४ च्या खाली जाऊच शकत नाही. इथे १.११ पकडलं जातं. ते बरोबर उत्तराच्या निम्मं आहे, म्हणून अनुभवी परीक्षक आकडा बघूनच ओळखतो, की एक पोल राहिला.

तिसरं उत्तर −२.२२. ही दिशेची चूक. कमान खालून घेतली तरी चालते, पण अक्षावर डावीकडून उजवीकडे जाणं प्रश्नानेच ठरवून दिलंय. मग खालून परत येताना फेरी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे होते. देवळातली प्रदक्षिणा अशीच असते, गाभारा उजव्या हाताला. कोशीचं सूत्र मात्र उलट्या फेरीचं आहे, आतला भाग डाव्या हाताला ठेवणारं. म्हणून खालच्या फेरीत 2πi ऐवजी −2πi घ्यायचं. मुलं आकृती काढतात, पण तिच्यावर बाण काढत नाहीत.

वर आणि खाली यांत निवड असतेच असं नाही. अंशात cos x आणि छेदात x²+1 असेल, तर काही जण सरळ cos z घेऊन वरची कमान लावतात. z = i या पोलवरून त्यांना π cosh 1 मिळतं, सुमारे ४.८५. cos x कधीच १ च्या वर जात नाही, तेव्हा उत्तर π पेक्षा मोठं होणं अशक्य. गडबड अशी, की काल्पनिक अक्षावर वर जाताना cos z प्रचंड वाढतो आणि कमान नाहीशी होतच नाही. e^(iz) घ्यावं लागतं, ते वर जाताना विरत जातं. बरोबर उत्तर π/e, सुमारे १.१६.

अशी हद्दीची तपासणी प्रत्येक वेळी कामी येत नाही. 1/(5+4cosθ) चं शून्यापासून 2π पर्यंतचं इंटिग्रल घ्या. z = e^(iθ) ठेवलं की छेदात i(2z+1)(z+2) येतो. −२ हा पोल एकक वर्तुळाबाहेर, −½ आत. −½ वरचा रेसिड्यू 1/(3i), उत्तर 2π/3. (2z+1) मधला २ बाहेर काढायला विसरलं, की 4π/3 येतं. फलन १/९ आणि १ यांच्यात असल्याने हद्द 2π/9 ते 2π, आणि दोन्ही उत्तरं तिच्यात मावतात. इथे θ च्या चार किमती घालून बघाव्यात: ०, ९०, १८० आणि २७० अंशांवर फलन अनुक्रमे १/९, १/५, १ आणि १/५. सरासरीला 2π ने गुणलं की २.३७ येतं. 2π/3 म्हणजे २.०९ आणि 4π/3 म्हणजे ४.१९, तेव्हा कौल कुणाच्या बाजूने ते दिसतंच. मधल्या ४५-४५ अंशांच्या चार किमती धरून आठ केल्या, की आकडा २.११ वर येतो.