लॉगचं बिल नेमकं कशाचं येतं?

सर्व्हरवर चालणारा प्रोग्रॅम काम करताना आपल्या हालचालींची टिपणं लिहीत जातो. अमुक वाजता अमुक विनंती आली, डेटाबेसला विचारलं, उत्तर दिलं, इतका वेळ लागला. या टिपणांना लॉग म्हणतात. बिघाड झाला की शोध इथूनच सुरू होतो. पूर्वी हे लॉग त्याच सर्व्हरच्या डिस्कवर पडून असत आणि डिस्क भरली की जुने पुसले जात. आता ते बहुधा एखाद्या क्लाउड सेवेकडे पाठवले जातात. तिथे ते शोधता येतात, आलेख काढता येतात, आणि महिन्याच्या शेवटी त्यांचं बिल येतं.

ते बिल फुगलं की पहिला हात जातो साठवणीच्या मुदतीकडे. वर्षभराचे लॉग कशाला, महिन्याभराचे पुरेत, असं ठरतं. पुढच्या महिन्यात बिल पाहिलं तर ते जवळपास तेवढंच असतं. असं का होतं, हे एका उदाहरणावरून कळेल.

जेवणाच्या ऑर्डर घेणारी एक सेवा धरू. तिच्याकडे सेकंदाला सरासरी २०० विनंत्या येतात आणि प्रत्येक विनंतीमागे प्रोग्रॅम ६ ओळी लिहितो. एक ओळ सुमारे ५०० बाइटची धरली, तर सेकंदाला ६ लाख बाइट, दिवसाला सुमारे ५२ जीबी आणि ३० दिवसांत सुमारे १,५५५ जीबी लॉग तयार होतो. हे लॉग ॲमेझॉनच्या क्लाउडवॉच सेवेत जातात असं समजू. तिच्या व्हर्जिनिया विभागात लॉग आत घेण्याचा दर जीबीला ५० सेंट आहे आणि साठवण्याचा दर जीबीला महिन्याला ३ सेंट. मुंबई विभागाचे दर वेगळे आहेत, पण गणिताचा कल तोच राहतो.

आत घेण्याचे झाले सुमारे ७७८ डॉलर. साठवणीचा दर मात्र दाबून लहान केलेल्या आकारावर लागतो. लॉगमध्ये तेच तेच शब्द पुन्हा येत असल्याने तो चांगला दबतो. मूळ आकाराच्या १५ टक्के उरतो असं धरलं, तर महिन्याभराचा लॉग ठेवायला सुमारे ७ डॉलर लागतात. वर्षभराचा सगळा लॉग साठला तरी महिन्याला ८४ डॉलर. म्हणजे मुदत वर्षावरून महिन्यावर आणली, तर ८६२ डॉलरच्या बिलातले ७७ वाचतात. पैसे दारात मोजले जातात, कोठारात नव्हे.

तरीही मुदत ठरवायलाच हवी. क्लाउडवॉचमध्ये ती ठरवली नाही तर लॉग कधीच पुसले जात नाहीत, आणि पाच वर्षांपूर्वीच्या ओळींचं भाडंही चालू राहतं. त्यासाठी एक आज्ञा पुरते:

```
aws logs put-retention-policy \
  --log-group-name /shop/orders \
  --retention-in-days 30
```

खरी बचत दाराशी आहे. प्रत्येक लॉग-गटात किती बाइट आत आले, हे क्लाउडवॉचमधल्या `IncomingBytes` या मापकावर दिसतं. तिथे पाहिलं की बहुतेकदा एकदोन गटच बहुतांश जागा खाताना आढळतात. कारणंही ठरलेली असतात. विकासाच्या काळात चालू केलेली `DEBUG` पातळी तशीच राहिलेली असते, किंवा कुणीतरी अडचण शोधताना पाठवलेलं संपूर्ण उत्तर लॉगमध्ये छापायची ओळ घातलेली असते. ही दुसरी सवय खर्चिक तर आहेच, शिवाय धोक्याचीही आहे, कारण त्या उत्तरात ग्राहकांचे फोन नंबर आणि पत्तेही जातात.

ऑर्डरसेवेत पहिला बदल असा करता येतो. सुटसुटीत सहा ओळींऐवजी विनंती संपताना एकच भरगच्च ओळ लिहायची. तिच्यात विनंतीचा क्रमांक, मार्ग, निकाल, लागलेला एकूण वेळ, डेटाबेसचा वेळ, ॲपची आवृत्ती असं सगळं एकत्र यावं. ही ओळ ८०० बाइटची झाली तरी महिन्याचा लॉग १,५५५ वरून ४१५ जीबीवर येतो आणि आत घेण्याचा खर्च सुमारे २०७ डॉलरवर. शोधही सोपा होतो, कारण सहा ठिकाणचे तुकडे जुळवावे लागत नाहीत.

पुढची पायरी सॅम्पलिंगची, म्हणजे सगळं न ठेवता नमुना ठेवण्याची. सुरळीत पार पडलेल्या लाखो विनंत्यांच्या नोंदी एकमेकींसारख्याच असतात, त्यांतली दहातली एक ठेवली तरी चित्र कळतं. चुकलेल्या आणि रेंगाळलेल्या विनंत्या मात्र सगळ्या ठेवायच्या:

```python
import zlib

def keep(req_id, status, ms):
    if status >= 500 or ms > 2000:
        return True
    return zlib.crc32(req_id.encode()) % 10 == 0
```

यात नशिबाचा फासा न टाकता विनंतीच्या क्रमांकावरून निर्णय घेतला आहे, आणि ते मुद्दाम. एक विनंती तीन सेवांमधून फिरत असेल, तर तोच क्रमांक पाहून तिन्ही सेवा एकच निर्णय घेतात. फासा टाकला तर एकीकडे नोंद राहते, दुसरीकडे गळते आणि साखळी तुटते. चूक झालेल्या विनंतीचा माग मात्र सगळीकडे हवा असेल, तर चूक न दिसलेल्या सेवेकडेही तशी खबर पोचवावी लागते.

चुकलेल्या वा रेंगाळलेल्या विनंत्या २ टक्के धरल्या, तर एकूण सुमारे १२ टक्के ओळी उरतात, म्हणजे ४९ जीबी. त्या २ टक्क्यांच्या मूळ सहा ओळीही शोधासाठी ठेवल्या तर आणखी ३१ जीबी. एकूण ८० जीबी आणि ४० डॉलर. त्यासाठी विनंती संपेपर्यंत या ओळी मेमरीत धरून ठेवाव्या लागतात. प्रोग्रॅम मध्येच कोसळला तर त्या जातात, ही या पद्धतीची किंमत आहे.

सॅम्पलिंग फसतं ते ठरावीक ठिकाणी. ठेवलेल्या ओळीत तिचं प्रमाण, म्हणजे १० किंवा १, लिहिलेलं नसेल, तर पुढे कुणीतरी ओळी मोजतं आणि विक्री दहापटीने घटल्याचा गैरसमज करून घेतं. एका ग्राहकाची विशिष्ट ऑर्डर कुठे गेली हे शोधायचं असेल, तर ती नोंद गळलेली असण्याची शक्यता दहात नऊ असते. म्हणून पैशांचे व्यवहार आणि ऑर्डरच्या स्थितीतले बदल सॅम्पलिंगच्या बाहेर, डेटाबेसमध्येच नोंदवावेत. आणि डेटाबेस बंद पडला तर प्रत्येक विनंती चुकते, मग प्रत्येकीचा लॉग ठेवला जातो आणि ऐन बिघाडात बिल उसळतं. त्यावर उपाय म्हणजे एकसारख्या चुकीच्या मिनिटाला शंभरच नोंदी ठेवून उरलेल्यांची फक्त संख्या लिहिणे.

कायद्याचा प्रश्न यापेक्षा वेगळा आहे. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार भारतात सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांना आपल्या संगणक यंत्रणांचे लॉग १८० दिवस सुरक्षित ठेवावे लागतात. कोण, कुठून, केव्हा आलं ही नोंद त्यामुळे गाळता येत नाही. मात्र ती महागड्या दारातून आणण्याचंही कारण नाही. ॲमेझॉनचा लोड बॅलन्सर विनंत्यांची नोंद दाबलेल्या फायलींमध्ये थेट एस-३ साठवणीत टाकू शकतो, आणि त्यासाठी आत घेण्याचा वेगळा दर लागत नाही. लागतं ते साठवणीचं भाडं, व्हर्जिनियात जीबीला महिन्याला सुमारे २.३ सेंट. ऑर्डरसेवेची अशी ओळ ५०० बाइटची आणि दाबल्यावर एक दशांश उरणारी धरली, तर सॅम्पलिंग न केलेल्या नोंदींचे १८० दिवस सुमारे १५५ जीबीत मावतात आणि त्यांचं महिन्याचं भाडं ४ डॉलरच्या आत राहतं.