वयावर तडजोड, वंशावर वाद

विश्व सुमारे 1380 कोटी वर्षांचे आहे, हे मान्य करणे बहुतेक धर्मपरंपरांना आज फारसे जड जात नाही. गाडी अडते ती माणसापाशी. कॅथलिक चर्चच्या इतिहासात हे नीट दिसते.

विश्वाची सुरुवात एका ‘आदिअणू’पासून झाली असावी, ही कल्पना 1931 साली मांडणारे जॉर्ज लमेत्र बेल्जियममधले कॅथलिक धर्मगुरूच होते. 1951 मध्ये पोप बारावे पायस यांनी या विज्ञानात बायबलमधल्या निर्मितीची साक्ष असल्याचे जाहीर भाषणात सुचवले. लमेत्र यांना ते रुचले नाही. आपला सिद्धान्त देवाच्या बाजूचाही नाही आणि विरोधातलाही नाही, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्या वर्षी खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपनी तो दावा टाळला.

उत्क्रांतीचे प्रकरण इतके सहज मिटले नाही. 1950 च्या परिपत्रकात याच पोपनी माणसाचे शरीर आधीच्या सजीवांपासून घडले का, याच्या संशोधनाला मोकळीक दिली; आत्मा मात्र थेट ईश्वर निर्माण करतो, असे बजावले. शिवाय सारी मानवजात आदामाचीच वंशज मानली, कारण मूळ पाप त्याच्याकडून पिढ्यान्‌पिढ्या उतरते, अशी शिकवण आहे. आनुवंशिकीचे निष्कर्ष इथेच आडवे येतात. आजच्या माणसांच्या जनुकांत इतकी विविधता आहे की आपले पूर्वज एका जोडप्याचे नव्हे, हजारोंच्या समूहाचे असावेत. 1996 मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी उत्क्रांतीला निव्वळ गृहीतकापेक्षा अधिक मानले, पण या गाठीला हात लावला नाही. काही धर्मशास्त्रज्ञांनी तोडगा काढला: समूह हजारोंचा असेल, पण विवेकी आत्मा प्रथम दोघांनाच मिळाला आणि त्यांच्या संततीतून तो सर्वत्र पोहोचला. आत्म्याची खूण जनुकांत सापडत नसल्याने हा तोडगा खोडता येत नाही, तसा सिद्धही करता येत नाही.

इस्लाममध्येही काहीसे असेच घडते. निर्मितीचे सहा ‘दिवस’ म्हणजे दीर्घ कालखंड, असा अर्थ अनेक भाष्यकार लावतात. प्राण्यांची उत्क्रांतीही काहींना चालते, पण आदमचा जन्म अपवाद ठरतो. पृथ्वी जेमतेम काही हजार वर्षांची मानणारे प्रोटेस्टंट गट मात्र वयापासूनच नकार देतात. त्या आकड्यामागे बायबलमधल्या वंशावळींची बेरीज आहे. आर्चबिशप अशर यांनी ती सतराव्या शतकात इ.स.पू. 4004 पर्यंत नेली होती.

पुराणांत ब्रह्मदेवाचा एक दिवस 432 कोटी वर्षांचा आहे. पृथ्वीच्या 454 कोटी वर्षांशी तो जवळपास जुळतो म्हणून पुष्कळांना हायसे वाटते. पण हा आकडा युगगणनेतून आला आहे, खडकांच्या मोजणीतून नव्हे. आणि मोठ्या आकड्यांची सवय असली म्हणून डार्विन पचतोच असे नाही. जानेवारी 2018 मध्ये औरंगाबादेत एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला नाही, असे म्हणत हा सिद्धान्त अभ्यासक्रमातून काढण्याची मागणी केली. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून तिला विरोध केला.