दुपारच्या रिकाम्या खुर्चीचं गणित

रविवारी सकाळी पुण्यातल्या कुठल्याही सलूनमध्ये डोकावलं, तर बाकावर बसायला जागा नसते. सोमवारी दुकान बंद. मंगळवार ते गुरुवार दुपारी मात्र कारागीर मोबाईल पाहत बसलेले असतात. ऑफिसची वेळ हे त्याचं एक कारण. दुसरं असं, की मंगळवारी, गुरुवारी किंवा शनिवारी केस कापायचे नाहीत ही रीत अनेक घरांत अजून पाळली जाते, त्यामुळे सगळी गर्दी रविवारवर लोटते. दुकानाचं भाडं आणि पगार मात्र सातही दिवस चालूच राहतात.

या रिकाम्या वेळेसाठी घरापासून लांब राहणारा विद्यार्थी हे सोयीचं गिऱ्हाईक. त्याची लेक्चर्स दुपारपर्यंत आटोपतात, वाराची अडचण बहुधा नसते आणि शंभर रुपये वाचणार असतील तर तो वेळ बदलायला तयार असतो. म्हणूनच ‘स्टुडंट डिस्काउंट’ची पाटी दिवसभरासाठी लावण्यात अर्थ नाही. सवलत विद्यार्थ्याला असली, तरी ती वेळेला बांधलेली हवी.

उदाहरणादाखल चार खुर्च्यांचं एक सलून घेऊ. हेअरकटचा दर 300 रुपये, एका कटला पाऊण तास. मंगळवार ते गुरुवार दुपारी 12 ते 4 या वेळेत ओळखपत्र दाखवणाऱ्याला 200 रुपये. एका खुर्चीवर रोज पाच कट, म्हणजे तीन दिवसांत एकूण 60 जागा. त्यातल्या 15 आधीपासूनच भरत होत्या. योजनेनंतर आणखी 24 भरल्या. गल्ल्यात 4,800 रुपये जास्तीचे आले असं मालकाला वाटेल, पण हिशेब इथे संपत नाही.

त्या 24 पैकी आठ जण पूर्वी रविवारी 300 रुपये देऊन येतच होते. दुपारच्या जुन्या 15 पैकी सहा जणांनीही ओळखपत्र पुढे केलं. म्हणजे 14 जणांमागे शंभर-शंभर रुपये गेले. 1,400 रुपयांचा तोटा. खरी नवी गिऱ्हाइकं 16. शाम्पू, टॉवेल आणि कारागिराचं कमिशन मिळून 50 रुपये वजा केले, तर प्रत्येकामागे 150 म्हणजे 2,400 रुपये उरतात. आठवड्याची निव्वळ कमाई हजार रुपये. नवे नऊच आले असते, तर दुपार गजबजलेली दिसूनही मालक 50 रुपयांनी खड्ड्यात गेला असता. रविवारच्या सुटलेल्या आठ जागा पूर्ण दराने भरल्या, तर मात्र तोटा भरून निघून वर कमाईही होते. हे कळायला एक साधी नोंद पुरते: ‘याआधी आमच्याकडे कधी आला होता?’

सेवाही निवडून द्याव्या लागतात. कट, थ्रेडिंग, क्लीनअप ठीक. स्मूदनिंगला तीन-चार तास लागतात. अडीचला बसलेली मुलगी संध्याकाळच्या ऐन गर्दीत खुर्ची अडवून राहते. शेवटची जागा तीनची ठेवली, तर पावणेचारला खुर्ची मोकळी होते.

टायअप म्हटलं की प्राचार्यांचं पत्र डोळ्यांसमोर येतं. त्यापेक्षा होस्टेल आणि पीजी, मेस, सदाशिव-नारायण पेठेतल्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका जास्त उपयोगी, कारण तिथे तीच मुलं रोज भेटतात. मेसच्या फळ्यावर एक कूपन, अभ्यासिकेला दुसरं, आणि दोन्हींवर वेगळा कोड. महिनाअखेरीस कुठल्या कोडवर किती नवी माणसं आली हे दिसतं. ज्यावर कोणी आलं नाही, ते कूपन बंद करावं. गॅदरिंग आणि साडी डेच्या दिवसांत मुलं आपणहून येतात, तेव्हा सवलत थांबवलेली बरी.

नोकरदार तरुणांना हाच साचा लागू पडत नाही. हिंजवडी किंवा खराडीतला इंजिनिअर दुपारी दोनला येऊ शकत नाही. त्याला स्वस्ताईपेक्षा ठरलेल्या वेळी खुर्ची मिळणं महत्त्वाचं, म्हणून त्याच्यासाठी सकाळी आठचा स्लॉट पूर्ण दराने विकला जाऊ शकतो. अमेरिकी वेळेनुसार रात्रपाळी करणारे मात्र दुपारी मोकळे असतात. त्यांच्या कंपनीच्या एचआरशी किंवा सोसायटीच्या ग्रुपशी केलेला टायअप दुपारच्या योजनेत बसतो. वेळ घेऊन न येणाऱ्यांवर उपाय म्हणजे बुकिंग करताना यूपीआयने 50 रुपये आगाऊ घेणं आणि ते बिलातून वळते करणं.

असा बेत आखणाऱ्या सलूनमालकाने आधी चार आठवडे दर तासाला किती खुर्च्या भरल्या ते वहीत लिहावं. ज्या तासाला निम्म्याहून जास्त खुर्च्या भरतात, तो तास सवलतीत घेऊ नये.