कुलवृत्तांताची तपासणी: सन, आधार आणि नाती

घराण्याच्या कुलवृत्तांतात चुका शिरतात त्या मुख्यतः सनांतून. जुन्या पिढ्यांच्या नोंदी शकात असतात, अलीकडच्या इसवी सनात, आणि नकलून घेताना 'शके' हा शब्द गळला की नुसता आकडा मागे राहतो. म्हणून तपासणी सुरू करताना प्रत्येक आकड्यापुढे तो कोणत्या गणनेतला आहे हे लिहून घ्यावे. शकाचा इसवी सन काढायला 78 मिळवतात, पण हे गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतच खरे. जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंतच्या तिथीला 79 मिळवावे लागतात. शिवाजी महाराजांची जन्मतिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551. 78 मिळवले तर 1629 येते, प्रत्यक्षात ती तिथी फेब्रुवारी 1630 मध्ये पडते. माघ-फाल्गुनातल्या जन्ममृत्यूंत एका वर्षाचा फरक दिसला, तर आधी हेच कारण पाहावे.

उदाहरणादाखल एक नोंद घेऊ: 'गोविंद महादेव, जन्म शके 1762, मृत्यू 1838, पुत्र विष्णू, जन्म इ.स. 1866.' जन्म इसवी 1840 च्या सुमाराचा. 1838 हा आकडा शकाचा धरला तर मृत्यू 1916 मध्ये, वय सुमारे 76, आणि विष्णूच्या जन्मावेळी बापाचे वय 26. सगळे जुळते, आणि पुष्कळ तपासनीस इथेच थांबतात. पण समजा, गावच्या जमिनीच्या फेरफारात गोविंद मयत झाल्याने 1891 साली वारस म्हणून विष्णूचे नाव लागले आहे. मग 1916 चा मृत्यू टिकत नाही. आता 1838 हा आकडा इसवी सनाचा धरून पाहावा. तसे केले तर हा गोविंद जन्मण्याच्या दोन वर्षे आधी वारलेला माणूस समोर येतो, आणि तो आजोबा असण्याचा संभव मोठा. वारलेल्या आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या रिवाजाने गोविंद महादेव, महादेव गोविंद, पुन्हा गोविंद महादेव अशी साखळी होते. संकलकाने दोन गोविंद एकाच ओळीत बसवले असावेत. याला पुरावा म्हणता येत नाही, तो फक्त तर्क आहे; पण पुढे कुठे शोधायचे ते त्याने ठरते: महादेवाच्या नावाचे, 1838 नंतरचे कागद.

पेशव्यांच्या घराण्यात हीच नामपद्धत स्पष्ट दिसते. बाळाजी विश्वनाथ 1720 च्या एप्रिलमध्ये वारले, त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला नातू बाळाजी बाजीराव, म्हणजेच नानासाहेब. पुढे दुसऱ्या बाजीरावांनी 1827 मध्ये दत्तक घेतलेले धोंडोपंत हेही नानासाहेबच. नाना, तात्या, आबा ही घरगुती नावे असल्याने त्यांवरून व्यक्ती ठरवू नये. वडिलांचे नाव जोडल्याशिवाय नोंद पुरी मानू नये. दत्तकाच्या बाबतीत तर जन्मदाता आणि दत्तक पिता, दोघांची नावे हवीत, नाहीतर एकच माणूस दोन शाखांत दोनदा मोजला जातो.

नात्यांचे शब्दही असेच सैल. 'भाऊ' म्हटला की सख्खा, चुलत, मावस, आते, कोणताही. पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ हे नानासाहेबांचे चुलत भाऊ, चिमाजी आप्पांचे पुत्र. अशा वेळी नात्याचा शब्द खोडून 'अमुकाचा मुलगा' असे लिहावे. स्त्रियांच्या नोंदीत घोटाळा अधिक आणि खेदाची गोष्ट म्हणजे दुर्लक्षही अधिक: माहेरच्या शाखेत नुसती 'कन्या', सासरच्या शाखेत लग्नानंतरचे नवे नाव, आणि या दोघी एकच असल्याचे कुठेच लिहिलेले नसते. पतीचे नाव व गाव दोन्हीकडे मिळाले, तरच त्या जोडाव्यात.

आधाराविना केलेली विधाने सहसा अभिमानाची असतात. 'पूर्वजांना पेशव्यांनी गाव इनाम दिला' हे वाक्य सनद, इनाम कमिशनची नोंद किंवा पुण्याच्या पेशवे दप्तरातला कागद मिळेपर्यंत 'घराण्यात सांगतात' म्हणूनच छापावे. तीन पुस्तकांत तेच वाक्य असले तरी तिन्हींनी एकाच जुन्या वृत्तांतावरून उचलले असेल, तर आधार एकच ठरतो. कागदाचेही वजन सारखे नसते. घटनेच्या वेळी, ती जाणणाऱ्याने केलेली नोंद सगळ्यांत वरची. क्षेत्रोपाध्यायांच्या वहीत यात्रेकरूने स्वतः सांगितलेली भावामुलांची नावे भरवशाची, पण त्याच वहीतला पणजोबा ऐकीव. शाळेच्या दाखल्यावर 1 जूनचा जन्मदिवस दिसला, तर तो प्रवेशासाठी लिहून टाकलेला असण्याची शक्यता धरावी.

दोन तारखांतली एक निवडता आली नाही, तर दोन्ही छापून प्रत्येकीपुढे तिचा कागद लिहावा. सरासरी काढून मधले वर्ष देऊ नये. त्या वर्षाला कोणताच कागद साक्ष देत नाही.