चाळीस पॉवरची गोळी, रोज एक

बीपीची पहिली चिठ्ठी बहुधा एका ओळीची असते. ‘टॅब. टेल्मिसार्टन 40 मिग्रॅ, 1-0-0, 30 दिवस.’ डॉक्टर ती लिहून पुढच्या पेशंटकडे वळतात आणि हातात चिठ्ठी घेतलेला माणूस सरळ मेडिकलमध्ये जातो. तिथे मिळालेल्या पाकिटावर भलतंच नाव असतं. समजा, हे एका बावन्न वर्षांच्या काकूंच्या बाबतीत घडलं. काउंटरवरचा मुलगा म्हणतो, ‘‘काकू, नाव वेगळं आहे, कंटेंट तोच आहे.’’ हे खरं आहे की नाही, ते काकूंना स्वतः पाहता येतं.

पाकिटावर दोन नावं असतात. एक कंपनीनं ठेवलेलं, ते सुटसुटीत आणि लक्षात राहणारं. दुसरं औषधाचं स्वतःचं, म्हणजे जेनेरिक नाव. ते कुठल्याही कंपनीच्या पाकिटावर तेच राहतं. चिठ्ठीवर ‘टेल्मिसार्टन’ असेल तर पाकिटावर ‘टेल्मिसार्टन’ शोधायचं आणि त्याच्यापुढचा आकडा चिठ्ठीशी जुळतो का ते पाहायचं. डॉक्टरांनी औषधाचं जेनेरिक नाव वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं, असं वैद्यकीय परिषदेचा नियम सांगतो. प्रत्यक्षात पुष्कळ चिठ्ठ्यांवर कंपनीचंच नाव असतं. अशा वेळी ‘यात औषध कुठलं?’ असं दवाखान्यातच विचारून ते चिठ्ठीवर लिहून घ्यावं, कारण चिठ्ठीवर कंपनीचं नाव असताना दुकानदारानं आपल्या मनानं दुसऱ्या कंपनीची गोळी देणं नियमात बसत नाही.

जेनेरिक नावाच्या शेपटावरून औषधाचं घराणंही कळतं. ‘सार्टन’नं संपणारी एका घराण्यातली: टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन. ‘डिपिन’वाली दुसऱ्या: अ‍ॅम्लोडिपिन, सिल्निडिपिन. ‘प्रिल’ आणि ‘लॉल’ ही आणखी दोन. हे पाठ करायची गरज नाही. पण हृदयाच्या डॉक्टरांनी एक सार्टन आणि फॅमिली डॉक्टरांनी दुसरं सार्टन लिहिलेलं दिसलं, किंवा सार्टनच्या जोडीला प्रिल आलं, तर गोळी घेण्याआधी फोन करावा. या जोड्या सहसा एकत्र देत नाहीत.

आता आकडा. लोक त्याला पॉवर म्हणतात आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो. ‘शेजारच्यांना पाचची गोळी आहे, मला चाळीसची, म्हणजे माझं बीपी फारच वाढलेलं दिसतंय’ ही चिंता अनेक घरांत ऐकू येते. पण शेजाऱ्यांची पाचची गोळी अ‍ॅम्लोडिपिनची असते आणि त्या औषधाचा 5 मिलिग्रॅम हा नेहमीचाच डोस आहे. टेल्मिसार्टनचा नेहमीचा डोस 40. आकड्यांची तुलना एकाच औषधात होते, दोन वेगळ्या औषधांत होत नाही.

एका औषधाच्या दोन रूपांतही आकडा फसवतो. आपल्याकडे ‘एस-अ‍ॅम्लोडिपिन’ नावाची गोळी सर्रास मिळते. साध्या अ‍ॅम्लोडिपिनमध्ये एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे दोन रेणू निम्मे-निम्मे असतात आणि बीपी उतरवण्याचं काम त्यांतला एकच करतो. एस-अ‍ॅम्लोडिपिनमध्ये फक्त तो कामाचा रेणू असतो. म्हणून त्याची 2.5 ची गोळी साध्या अ‍ॅम्लोडिपिनच्या 5 च्या बरोबरीची धरतात. ‘आधी पाच होती, आता अडीचच दिली’ म्हणून कुणी दोन गोळ्या घेतल्या तर डोस दुप्पट होतो आणि काही दिवसांत घोटे सुजलेले दिसतात. अ‍ॅम्लोडिपिननं कधीकधी पायावर सूज येतेच, डोस वाढला की ती जास्त दिसते.

खरी गडबड मात्र पहिल्या चिठ्ठीत होत नाही, दुसऱ्या चिठ्ठीत होते. टेल्मिसार्टनचा पूर्ण परिणाम दिसायला साधारण चार आठवडे लागतात, म्हणून डॉक्टर महिन्यानं बोलावतात. काकूंचं बीपी तेव्हाही 150 च्या वरच आहे, तर ते नवी गोळी लिहितात: टेल्मिसार्टन 40 अधिक अ‍ॅम्लोडिपिन 5, दोन्ही एकाच गोळीत. कंपनी तिला जुन्याच नावाला ‘एएम’ जोडून विकते. लघवीवाटे मीठ-पाणी काढणारं औषध मिसळलेलं असेल तर शेपटी बहुधा ‘एच’ असते. पण ही शेपट्यांची अक्षरं कंपनीगणिक बदलतात, त्यांच्यावर विसंबू नये. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत घटक लिहिलेले असतात, तेच वाचावेत.

काकूंच्या घरी जुन्या पाकिटातल्या अजून सहा गोळ्या शिल्लक आहेत. नवी गोळी ही जास्तीची आहे असं समजून त्या सकाळी दोन्ही घेतात. म्हणजे रोज टेल्मिसार्टन 80 आणि वर अ‍ॅम्लोडिपिन 5. चौथ्या दिवशी अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते आणि घरातले म्हणतात, नवीन गोळी सोसत नाही. वास्तविक जुनं पाकीट आणि नवं पाकीट शेजारी ठेवून घटक वाचले असते तर ‘टेल्मिसार्टन’ दोन्हीकडे दिसलं असतं. म्हणून दुसऱ्या भेटीत एक प्रश्न जरूर विचारावा: ‘‘डॉक्टर, ही जुनीच्या जागी की जुनीबरोबर?’’

राहिलं ते 1-0-0. हे आकडे सकाळ, दुपार, रात्र असे वाचायचे. त्याऐवजी ‘ओडी’ असेल तर दिवसातून एकदा, ‘बीडी’ म्हणजे दोनदा, ‘एचएस’ म्हणजे झोपताना. एकदा की दोनदा, हे आजार किती मोठा यावरून ठरत नाही. औषध शरीरात किती वेळ टिकतं, त्यावर ते अवलंबून असतं. अ‍ॅम्लोडिपिनची रक्तातली मात्रा निम्म्यावर यायला दीड-दोन दिवस लागतात, म्हणून ते दिवसातून एकदाच पुरतं. मेटोप्रोलॉलचं साधं रूप, म्हणजे टार्ट्रेट, लवकर उतरतं; ते सहसा दोनदा घ्यावं लागतं. त्याचंच सक्सिनेट रूप हळूहळू सुटणाऱ्या गोळीत येतं आणि एकदाच घेतात. पाकिटावर ‘एक्सएल’ किंवा ‘ईआर’ लिहिलेली अशी गोळी चावू नये, कुटून पाण्यात कालवू नये, नाहीतर दिवसभराचं औषध एकदम सुटतं. मेटोप्रोलॉलचं आणखी एक पथ्य: बीपी नॉर्मल आलं म्हणून ते आपण होऊन एकदम बंद करायचं नाही, छातीत धडधड होऊन बीपी उसळतं.

सकाळी घ्यावी की रात्री, यावर घराघरांत वाद आहेत. ब्रिटनमध्ये एकवीस हजारांहून जास्त रुग्णांवर केलेला एक मोठा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. हृदयविकार आणि पक्षाघात टाळण्यात दोन्ही वेळांत फरक आढळला नाही. जी वेळ चुकत नाही, ती घ्यावी. अपवाद त्या लघवीवाटे पाणी काढणाऱ्या गोळीचा. ती रात्री घेतली तर झोपमोड ठरलेली. एकदाची गोळी सकाळी राहिली आणि दुपारी आठवली तर दुपारी घ्यावी. दुसऱ्या दिवशीच आठवली तर कालची सोडून द्यावी, दोन एकदम घेऊ नयेत.

आणि सोमवार ते रविवारचे कप्पे असलेली प्लॅस्टिकची डबी घरात असेल तर टेल्मिसार्टन तिच्यात सुटं काढून ठेवू नका. ही गोळी हवेतला ओलावा ओढून घेते, कोकणातल्या पावसाळ्यात तर फारच लवकर. घ्यायच्या वेळीच फॉइल फोडायचं, किंवा कात्रीनं पाकिटाचे तुकडे करून फॉइलसकट कप्प्यात ठेवायचे.