ट्रॅक्टर ऑइल खातो, पण किती खाल्लं तर काळजी करायची? आणि टॉपअपला दुसऱ्या कंपनीचं ऑइल चालतं का?

रोटर आणि ट्रॉलीचा हंगाम सुरू झाला की गॅरेजवर दोन प्रश्न हमखास येतात. पहिला असा, की मागच्या महिन्यात ऑइल बदली केलं आणि आज गेज काडी निम्म्यावर आली, मग इंजिन कामाला आलं का? आणि दुसरा, गावातल्या दुकानात आपल्या कंपनीचं ऑइल नाही, मग जे आहे ते टाकलं तर ऑइल फाटेल का?

याचं उत्तर माहीत नसल्यानं दोन्हीकडून नुकसान होतं. काही मालक अर्धा लिटर ऑइल कमी झालं म्हणून चांगलं इंजिन खोलून बसतात. काही जण आपल्या कंपनीचा डबा मिळेपर्यंत कमी ऑइलवरच ट्रॅक्टर चालवतात आणि बेअरिंग जाळून घेतात. ऑइल ड्रायव्हरनेच काढून विकलं, असा संशय घेऊन चांगला माणूस घालवल्याचे प्रकारही होतात. हे टाळायला एक वही आणि मापाची एक बाटली पुरते.

ऑइल जातं कुठं?

चांगल्या इंजिनातही ऑइल थोडं कमी होतंच. लायनरच्या भिंतीवर ऑइलचा पातळ थर राहतो, त्याच्यावरच पिस्टन रिंग घसरतात. त्या थरातलं थोडं ऑइल प्रत्येक फेऱ्यात डिझेलबरोबर जळतं. गरम ऑइलची थोडी वाफ ब्रीदरच्या नळीतूनही जाते. म्हणून मोकळी ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरपेक्षा दिवसभर रोटर मारणारा ट्रॅक्टर जास्त ऑइल खातो. नवीन इंजिनात किंवा नुकतंच काम काढलेल्या इंजिनात रिंगा बसेपर्यंत सुरुवातीला ऑइल थोडं जास्त लागतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

हिशोब डिझेलवर करायचा

किती दिवसांत किती ऑइल गेलं, या हिशोबाला अर्थ नाही. एकाचा ट्रॅक्टर महिन्यात २० तास चालतो, दुसऱ्याचा १५०. इंजिननं किती कष्ट केले ते जळालेल्या डिझेलवरून कळतं, म्हणून ऑइलचा हिशोबही डिझेलवरच धरायचा.

साधारण आडाखा असा आहे. १,००० लिटर डिझेल जळताना १ ते ३ लिटर ऑइल कमी होणं चालण्यासारखं आहे. हजाराला ३ ते ५ लिटर जात असेल तर लक्ष ठेवायचं आणि गळती शोधायची. ५ लिटरच्या पुढे गेलं तर मेकॅनिकला दाखवायला उशीर करायचा नाही. तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात वेगळा आकडा दिला असेल तर तोच खरा धरायचा.

हिशोब बरोबर यायचा असेल तर काडी दर वेळी एकाच पद्धतीनं बघावी लागते. सकाळी, इंजिन सुरू करायच्या आधी, ट्रॅक्टर सपाट जागेवर असताना बघणं सगळ्यात बरं. दिवसा बघायचं असेल तर इंजिन बंद करून १०-१५ मिनिटं थांबा, म्हणजे वर चढलेलं ऑइल चेंबरमध्ये उतरतं. काडी काढून फडक्यानं पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालायची आणि मग बाहेर काढून बघायची. बांधावर तिरका उभा असलेला ट्रॅक्टर चुकीचंच माप दाखवणार.

इथं एक ठिकाण फसायचं आहे. ऑइल आणि फिल्टर बदलल्यावर नवा फिल्टर रिकामा असतो. इंजिन सुरू झालं की तो भरतो आणि काडीवरचं माप खाली येतं. हे ऑइल खाल्लेलं नसतं. म्हणून बदली झाल्यावर इंजिन दोन-चार मिनिटं चालवून बंद करा, थोडं थांबा, वरच्या खुणेपर्यंत ऑइल पुरं करा आणि तिथून हिशोब धरा.

वहीतला हिशोब कसा दिसतो

समजा, ४५ एचपीचा तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर आहे आणि चेंबरमध्ये ७ लिटर ऑइल बसतं. आवर मीटर १,८४० असताना ऑइल बदली केलं आणि काडीवर वरच्या खुणेपर्यंत भरलं. १,९२० तासांना अर्धा लिटर घालावं लागलं, २,०१० ला आणखी अर्धा लिटर. दोन्ही वेळा वरच्या खुणेपर्यंतच. या १७० तासांत डिझेल लागलं ६८० लिटर. म्हणजे ६८० लिटर डिझेलमागे १ लिटर ऑइल, हजाराला साधारण दीड लिटर. हे इंजिन ठणठणीत आहे.

पुढची बदली २,०९० तासांना झाली. नंतर सलग रोटर चालला. २,१५० ला काडी खालच्या खुणेवर आली आणि वरपर्यंत भरायला दीड लिटर लागलं. ६० तासांत डिझेल होतं ३०० लिटर. हजाराला ५ लिटर झाले. रोटरचं काम जड असलं तरी त्याचा हिशोब जास्तीच्या डिझेलमध्ये आलेलाच आहे, तरीही आकडा तिपटीहून वर गेला. म्हणजे काहीतरी बिघडलंय.

अशा वेळी इंजिन खोलायच्या आधी बाहेरून बघायचं. इंजिन धुवून काढा, दोन-चार तास काम करा आणि मग कुठं ओल दिसते ते शोधा. टॅपेट कव्हरचं पॅकिंग कडक झालं की ऑइल इंजिनच्या अंगावरून ओघळतं आणि त्यावर धूळ बसून काळा थर होतो. फिल्टर नीट आवळला नसेल तर तिथून गळतं. क्लचच्या हौसिंगला खाली एक भोक असतं, त्यातून ऑइल टपकत असेल तर आतलं ऑइल सील गेलंय. गंमत अशी की बरंच ऑइल फक्त इंजिन चालू असतानाच गळतं, त्यामुळे उभ्या ट्रॅक्टरखाली डाग नाही म्हणून गळती नाही असं समजू नये. समजा, आपल्या उदाहरणात टॅपेट कव्हरचं पॅकिंगच गेलेलं निघालं. ते बदलल्यावर पुढच्या १०० तासांत आकडा पुन्हा हजाराला दोनच्या आत आला, तर इंजिनचं काम वाचलं.

बाहेर सगळं कोरडं असेल तर मग ऑइल आत जळतंय. सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. इंजिन मंद चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण जपून उघडलं तर तिथून जोरात धूर फेकला जातो. सकाळी स्टार्टिंगला वेळ लागतो, ओढ कमी पडते. ही लक्षणं एकत्र दिसली तर रिंग-लायनर घासलेत, मेकॅनिककडून कॉम्प्रेशन तपासून घ्यायचं. आणि नवीन रिंगा टाकायच्या आधी एअर क्लीनरची नळी आणि तिचे क्लॅम्प बघायचे. तिथून धूळ आत जात असेल तर नव्या रिंगाही तशाच घासतील.

काही वेळा दोष इंजिनचा नसून माणसाचा असतो. असू द्या थोडं जास्त, म्हणून वरच्या खुणेच्या पुढे ऑइल भरलं तर क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि ब्रीदरमधून ऑइल बाहेर पडतं. मालकाला वाटतं ट्रॅक्टर ऑइल खातोय. तो पुन्हा भरतो.

ऑइल कमी होण्यापेक्षा न घालता वाढणं जास्त वाईट. काडीवरचं ऑइल पातळ झालं आणि डिझेलचा वास आला तर डिझेल चेंबरमध्ये उतरतंय. दुधाळ, चहासारखं झालं तर पाणी शिरलंय. दोन्हीत ट्रॅक्टर तिथंच बंद करायचा, टॉपअपचा प्रश्नच येत नाही.

टॉपअपला कंपनी नको, आकडा बघा

आता दुसरा प्रश्न. एका कंपनीच्या इंजिन ऑइलमध्ये दुसऱ्या कंपनीचं इंजिन ऑइल मिसळलं तर ते फाटत नाही, गोळा होत नाही. इंजिन ऑइल एकमेकांत मिसळलंच पाहिजे, हा एपीआयच्या नियमाचाच भाग आहे. साधं आणि सिंथेटिक एकत्र झालं तरी तेच. म्हणून डब्यावरचं नाव नाही, दोन गोष्टी जुळवायच्या.

पहिली गोष्ट जाडी. बहुतेक ट्रॅक्टरला १५ डब्ल्यू ४० लागतं, काही जुन्यांना २० डब्ल्यू ४०. दुसरी गोष्ट एपीआय दर्जा. डिझेल इंजिनचा दर्जा सी अक्षरानं सुरू होतो, जसं सीएफ-४, सीएच-४, सीआय-४. या शब्दांत पुढचं अक्षर नव्या दर्जाचं. सीएफ-४ मागणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरला सीआय-४ चालतं, पण सीआय-४ मागणाऱ्याला सीएफ-४ घालू नये. फक्त एस अक्षराचा दर्जा असलेलं ऑइल पेट्रोल गाडीचं, ते ट्रॅक्टरला नको. सायलेन्सरमध्ये धूर गाळणारा फिल्टर असलेल्या नव्या ट्रॅक्टरला मात्र पुस्तकात लिहिलेलाच दर्जा हवा, नाहीतर तो फिल्टर राखेनं भरतो.

दुकानात १५ डब्ल्यू ४० नाही आणि काडी खालच्या खुणेच्या खाली आहे, मग? ७ लिटरमध्ये अर्धा लिटर २० डब्ल्यू ४० गेल्यानं काही बिघडत नाही, दर्जा तेवढा डिझेलचा असू द्या. कमी ऑइलवर चालवण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं. फक्त मिश्रणाचा भरवसा त्यातल्या हलक्या ऑइलइतकाच धरायचा. पुढची बदली वेळेवर करा, तास वाढवू नका.

काय घालायचं नाही ते पक्कं लक्षात ठेवा. गिअर ऑइल, हायड्रॉलिक ऑइल आणि ऑइल ब्रेकच्या ट्रॅक्टरचं मागच्या चेंबरचं ऑइल इंजिनला चालत नाही. गाळून विकलेलं सुटं ऑइल तर नकोच. डब्याचं सील बघा. वॉरंटीतल्या ट्रॅक्टरला पुस्तकातलंच ऑइल वापरून बिल जपून ठेवा.

मोटरसायकलचा हिशोब वेगळा आहे. तिथं क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं हवं. ट्रॅक्टरचं किंवा स्कूटरचं उरलेलं ऑइल घातलं तर क्लच घसरू शकतो. शिवाय तिच्यात एकूण ऑइलच साधारण १ लिटर, त्यामुळे २०० मिली कमी झालं तरी पाचवा हिस्सा गेला.

वहीत चारच रकाने लागतात. तारीख, आवर मीटर, भरलेलं डिझेल, घातलेलं ऑइल. घातलेल्या ऑइलला हजारानं गुणून डिझेलनं भागलं की आकडा समोर येतो. तो गळतीचा असो वा जळण्याचा, ड्रायव्हरवर बोट दाखवायच्या आधी तो एकदा काढून बघावा.