वधतारेचा बागुलबुवा

पत्रिका दाखवून आल्यावर निरोप येतो, ‘गुण तसे बरे आहेत, पण तारा प्रत्यरी निघते.’ प्रत्यरी म्हणजे शत्रू, एवढं कुणीतरी सांगतं आणि मुलीच्या आईचा चेहरा उतरतो. छत्तीस गुणांपैकी तारेच्या वाट्याला अवघे तीन. तरी या तिनांनी जेवढी घाबरगुंडी उडवली आहे तेवढी तिच्याहून जास्त गुण असलेल्या योनीनंसुद्धा उडवलेली नाही. कारण उघड आहे. तारांची नावंच तशी आहेत: जन्म, संपत, विपत, क्षेम, प्रत्यरी, साधक, वध, मैत्र, अतिमैत्र. विपत, प्रत्यरी आणि वध या तीन अशुभ, म्हणजे तिसरी, पाचवी आणि सातवी. बाकीच्या सहा शुभ.

गैरसमज : तारा वाईट निघाली की जोडी एकमेकांना मारक, तारेचे गुण शून्य.

आधी मोजणी पाहू. मुलीच्या जन्मनक्षत्रापासून मुलाच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, सुरुवातीचं नक्षत्र धरून. येणाऱ्या आकड्याला नऊनं भागायचं आणि बाकी उरेल ती तारा. बाकी शून्य आली तर नववी. मग हेच मुलाकडून मुलीकडे. दोन्ही बाजूंनी शुभ आली तर तीन गुण, एका बाजूनं आली तर दीड, दोन्हीकडून अशुभ आली तर शून्य.

समजा मुलगी रोहिणीची आणि मुलगा पुष्याचा. बोटांच्या पेरांवर मोजा: रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य. पाच. म्हणजे प्रत्यरी. निरोप इथेच सुटतो, कारण नाव ऐकल्यावर उलट बाजू मोजायला कुणी थांबत नाही. ती मोजू. पुष्यापासून रेवतीपर्यंत वीस नक्षत्रं, पुढे अश्विनीपासून रोहिणीपर्यंत चार. चोवीस. नऊनं भागून बाकी सहा, साधक तारा. शुभ. गुण दीड.

आता गंमत पाहा. पाच आणि चोवीस मिळून एकोणतीस होतात. दोन वेगळ्या नक्षत्रांची कोणतीही जोडी घ्या, दोन्ही मोजण्यांची बेरीज एकोणतीसच येणार. चक्र सत्तावीस नक्षत्रांचं आणि दोन्ही टोकं दोन-दोनदा मोजली जातात म्हणून. त्यामुळे एका बाजूनं विपत आली तर दुसऱ्या बाजूनं मैत्रच येते. प्रत्यरीसमोर साधक आणि वधासमोर क्षेम. अशुभासमोर अशुभ कधीच येत नाही. नियमात शून्य लिहिलेलं आहे, पण सत्तावीस नक्षत्रांच्या मोजणीत ते कुणाच्याही वाट्याला येऊ शकत नाही. तीन किंवा दीड, तिसरा निकाल नाही.

त्यातही दीडच जास्त. रोहिणीच्या मुलीसाठी सत्तावीस नक्षत्रांपैकी नऊ नक्षत्रांच्या मुलांशी तीन गुण पडतात आणि उरलेल्या अठरांशी दीड. दुसऱ्या कोणत्याही नक्षत्राची मुलगी घेतली तरी हिशेब हाच. म्हणजे दर तीन जोड्यांपैकी दोन जोड्यांत एका बाजूनं विपत, प्रत्यरी किंवा वध निघणारच. एवढ्या सर्रास निघणाऱ्या गोष्टीला दोष म्हणायचं तर निर्दोष जोडी शोधायला गावं पालथी घालावी लागतील. शिवाय यानं छत्तिसातले कमी होतात ते फक्त दीड गुण. याच रोहिणी-पुष्य जोडीची नाडी वेगवेगळी आहे, अंत्य आणि मध्य, त्यामुळे नाडीचे आठच्या आठ गुण पदरात पडतात. निरोपात ते मात्र कुणी सांगत नाही.

दक्षिणेत पद्धत थोडी निराळी आहे. तमिळ आणि मल्याळी घरांत याला दिनपोरुत्तम म्हणतात आणि मोजतात फक्त मुलीकडून मुलाकडे. तिथे रोहिणीची मुलगी आणि पुष्याचा मुलगा जमत नाही. पण मुलगी पुष्याची आणि मुलगा रोहिणीचा असेल तर चोवीस येतात आणि जमतं. नक्षत्रं तीच दोन, आकाशातलं अंतर तेच, निकाल मात्र उलटा.

गैरसमज : मोजायला चुकलं तर गुण बदलतात.

नेहमी नाही. सर्वांत सर्रास चूक म्हणजे सुरुवातीचं नक्षत्र सोडून पुढच्यापासून मोजणं. तसं केलं तर रोहिणीकडून पुष्यापर्यंत चार येतात, क्षेम, आणि उलट तेवीस, म्हणजे प्रत्यरी. नावं बदलली, गुण दीडच राहिले. मी सगळ्या बाक्या घालून पाहिल्या. ही चूक दोन्ही बाजूंना सारखी केली तर गुण कधीच बदलत नाहीत, फक्त प्रत्यरीचं खापर मुलीकडून मुलाकडे सरकतं.

खरा घोटाळा होतो तो अभिजित मध्ये घुसवल्यानं. उत्तराषाढा आणि श्रवण यांच्यामधलं हे अठ्ठाविसावं नक्षत्र काही मुहूर्तांत धरतात, पण तारा मोजताना ते धरत नाहीत. धरलं तर पुष्याकडून रोहिणीपर्यंत पंचवीस होतात, बाकी सात, वध. पलीकडे प्रत्यरी आहेच. झाले शून्य गुण! म्हणून या पद्धतीच्या गुणमेलनात तारेपुढे शून्य दिसलं, तर आधी मोजणीवर संशय घ्यावा, मुलावर नव्हे.

गैरसमज : वधतारा म्हणजे मृत्युयोग.

याच नऊ नावांनी रोजचं ताराबळही पाहतात. आपल्या जन्मनक्षत्रापासून त्या दिवसाच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं आणि सातवी तारा आली तर त्या दिवशी शुभकार्य टाळायचं. चंद्र साधारण दिवसाला एक नक्षत्र ओलांडतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी तीच तारा मैत्र होते. वधतारेचे दिवस प्रत्येकाला महिन्यातून तिनेकदा येतात. गुणमेलनात हीच मोजणी दिवसाच्या जागी माणूस ठेवून केलेली आहे. त्यात आयुष्यमर्यादेचं गणित कुठेही नाही.

गैरसमज : एकच नक्षत्र, म्हणजे तारा बिघडली.

नाही, जन्मतारेला तीन गुण पूर्ण मिळतात. अडतं ते नाडीत. नक्षत्र एक म्हणजे नाडी एक, आणि तिथे आठाचे शून्य होतात.

गैरसमज : नक्षत्र ठरलेलं असतं, त्यात वाद नाही.

वाद आहे, आणि तो आपल्याच घरातला आहे. सोलापूरचं दाते पंचांग चित्रापक्षाचं, तर टिळक पंचांग रैवतपक्षाचं. दोघांच्या अयनांशांत सुमारे चार अंशांचा फरक पडतो. एक नक्षत्र असतं तेरा अंश वीस कलांचं. म्हणजे जवळजवळ तीस टक्के जन्मांना दोन पंचांगं दोन वेगळी नक्षत्रं देतात. दात्यांप्रमाणे एखाद्या मुलीचा चंद्र वृषभेत बावीस अंशांवर असेल तर ती रोहिणीची. टिळकांप्रमाणे तो सव्विसाच्या आसपास जातो आणि ती मृगाची होते. मुलगा दोन्ही पंचांगांत आर्द्राचा निघत असेल, तर रोहिणीपासून आर्द्रा तिसरी, विपत, गुण दीड. मृगापासून ती दुसरी, संपत, आणि उलट सत्तावीस, अतिमैत्र. गुण तीन. म्हणून मुलीची पत्रिका एका पंचांगावरून आणि मुलाची दुसऱ्यावरून केलेली असेल, तर आधी दोन्ही एकाच पंचांगावरून करून घ्यायला हव्यात. चंद्राचे अंशही विचारून घ्यावेत. दात्यांप्रमाणे चंद्र नक्षत्राच्या शेवटच्या चार अंशांत किंवा टिळकांप्रमाणे पहिल्या चार अंशांत असेल, तर तारेचं नाव पंचांगाच्या निवडीवर टांगलेलं आहे असं समजावं.